एकच कॉम्प्युटर, दोघांची कामं

मुलाला माइनक्राफ्ट खेळायचंय, आईला ऑफिसच्या एक्सेल शीट सांभाळून व्हिडिओ एडिट करायचेत. अशा वेळी दुकानात प्रोसेसरचीच चर्चा होते. माझ्या मते आधी रॅम विचारावी. ब्राउझर आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर एकदम उघडलं की ८ जीबी अपुरी पडते. १६ जीबी घ्या, तीही ८-८ च्या दोन पट्ट्यांत. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेमचं चित्रही हीच रॅम वापरून तयार होतं. एकाच पट्टीवर माहितीची ये-जा मंदावते आणि गेम अडखळतो.

जुन्या मशीनवर हे घरीच तपासता येतं. Ctrl+Shift+Esc दाबून Performance मध्ये Memory उघडा. गेम किंवा एडिटिंग चालू असताना वापर ९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम कमी पडतेय. तिथेच Slots used पुढे 1 of 2 दिसलं, तर आणखी एक पट्टी बसते. रॅम मोकळी असून गेम अडखळत असेल, तर मात्र बहुधा ग्राफिक्स कार्ड लागेल.

म्हणूनच जागा असेल तर डेस्कटॉप घ्यावा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की जोडलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. डेस्कटॉपमध्ये कार्ड पुढच्या वर्षीही बसवता येईल. फक्त पॉवर सप्लाय त्याला पेलेल एवढा आहे ना, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्या.