गोळी तीच, मात्रा तीच, मग त्रास एकालाच का?

व्हायवॅक्स मलेरियाचा ताप क्लोरोक्विनने उतरतो, पण काही परजीवी यकृतात दडून राहतात आणि पुढे पुन्हा ताप आणतात. त्यांना मारण्यासाठी प्रायमाक्विन द्यावं लागतं. साठ किलो वजनाच्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम, असं चौदा दिवस.

समजा, एका तरुणाने या गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी त्याला कोऱ्या चहासारखी काळपट लघवी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, जिना चढताना धाप लागली. हिमोग्लोबिन १३ वरून ८ वर आलं. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला मात्र त्याच मात्रेत काहीच झालं नाही.

हेच कोडं १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात संशोधकांपुढे होतं. तिथे कैद्यांवर मलेरियाच्या औषधांच्या चाचण्या चालत. तुरुंगातल्या माणसाची संमती खरोखर मोकळी असते का, हा त्या चाचण्यांवरचा आक्षेप आजही कायम आहे. प्रायमाक्विनमुळे काही कृष्णवर्णीय कैद्यांचं रक्त झपाट्याने कमी होई. दोष औषध पचवण्यात आहे की रक्तात, हे ठरवण्यासाठी संशोधकांनी त्रास होणाऱ्यांच्या लाल पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण केली आणि त्या निरोगी माणसांच्या शरीरात सोडल्या. प्रायमाक्विन देताच त्या तिथेही फुटल्या. उलट, निरोगी माणसाच्या पेशी त्रास होणाऱ्याच्या शरीरातही टिकल्या. म्हणजे दोष पेशीतच होता. १९५६ मध्ये पॉल कार्सन आणि सहकाऱ्यांना तो सापडला: ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, म्हणजेच जी६पीडी, हे एन्झाइम त्या पेशींत कमी होतं.

ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचायला लाल पेशीला ग्लुटाथायोन लागतं. ते वापरलं गेलं की पुन्हा कामाचं करायला एनएडीपीएच लागतं, आणि लाल पेशीला ते जी६पीडीच्याच वाटेने मिळतं. प्रायमाक्विन हा मारा वाढवतं. एन्झाइम अपुरं असेल तर हिमोग्लोबिनच्या गुठळ्या पेशीच्या आवरणाला चिकटतात आणि पेशी फुटते. परिपक्व लाल पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही. म्हणून १२० दिवसांच्या आयुष्यात म्हाताऱ्या झालेल्या पेशी आधी बळी पडतात.

निदानातली मोठी चूक इथेच होते. त्या तरुणाची जी६पीडी तपासणी त्याच आठवड्यात केली तर ती नॉर्मल येऊ शकते, कारण कमी एन्झाइमच्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम तुलनेने जास्त असतं. म्हणून सुमारे तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एकच एक्स, त्यामुळे कमतरता स्पष्ट दिसते. एका एक्सवर दोष असलेल्या स्त्रीच्या रक्तात मात्र दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि साध्या चाचणीत ती निसटू शकते. भारतात आढळणाऱ्या दोषांपैकी एकाचं नाव केरळ-कल्याण आहे, त्यातलं कल्याण ते आपलंच. भूमध्य प्रकारही इथे सापडतो आणि तो जास्त तीव्र असतो.

आता क्षयरोगावरचं आयसोनियाझिड पाहू. यकृतातलं एनएटी२ हे एन्झाइम त्याला ॲसिटिल गट जोडून निकामी करतं. वेगाने ॲसिटिलीकरण करणाऱ्यांच्या रक्तातलं औषध साधारण तासाभरात निम्मं होतं, मंद गतीच्या लोकांत त्याला सुमारे तीन तास लागतात. भारतात निम्म्याहून अधिक लोक मंद गटात मोडतात. त्यांच्या रक्तात औषध जास्त वेळ राहतं, ते ब-६ जीवनसत्त्वाला बांधून लघवीवाटे बाहेर नेतं आणि मग हातापायांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात. आयसोनियाझिडबरोबर पायरिडॉक्सिनची छोटी गोळी देतात ती यासाठीच.

दोन्ही दोष जन्मजात आहेत, पण त्यांचं काम वेगळं आहे. मंद ॲसिटिलीकरणात शरीर औषधाचं काय करतं ते बदलतं. रक्तातली पातळी मोजली तर फरक दिसतो. जी६पीडीच्या कमतरतेत औषध शरीराचं काय करतं ते बदलतं, आणि पातळी अगदी नेहमीसारखी असतानाही पेशी फुटतात. परीक्षेतल्या उत्तरात हा फरक आधी लिहावा, कारण उपाय त्यावरूनच ठरतो.

त्या तरुणाची गोळी तर लगेच थांबवायला हवी. पण यकृतातले परजीवी उरतातच. तब्येत सावरल्यावर, कमतरता फार तीव्र नसेल तर, देखरेखीखाली आठवड्यातून एकदा ४५ मिलिग्रॅम असं आठ आठवडे प्रायमाक्विन देता येतं. दर मात्रेला थोड्याच पेशी फुटतात आणि मधल्या सहा दिवसांत मज्जा नव्या, कोवळ्या पेशी रक्तात सोडते. लघवी काळपट होताच गोळी बंद करून दवाखान्यात यायचं, ही सूचना मात्र पहिल्या गोळीआधीच रुग्णाला द्यावी लागते.