निमंत्रणपत्र हेही एक उपकरणच

रुग्णालयातला कचरा वेगवेगळ्या रंगांत वेगळा करावा लागतो. रक्ताने माखलेले कापसाचे बोळे पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. २०१६ सालचे नियम थोडक्यात असे आहेत. तरीही लाल पिशवीत सुई जाते आणि पिशवी उचलणाऱ्या कामगाराच्या बोटात शिरते. असे का होते, हे आम्हांला शोधायचे होते.

पिशव्या उघडून सुया मोजणे फारसे अवघड नव्हते. पण पिशव्या कधी संपतात, मागणी कोण नोंदवतो, रात्रपाळीला किती माणसे असतात, हे मोजून कळत नाही. ते रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनाच ठाऊक असते. त्यांची मुलाखत हवी, तर आधी पत्र लिहायला हवे. हे पत्र म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे. तराजूचा काटा शून्यावर नसेल तर पुढची सगळी वजने चुकतात, तसेच पत्र चुकले की मुलाखत चुकते. हे आम्ही आमच्या पहिल्या पत्रावरून शिकलो.

ते पत्र दोन पानांचे होते. पहिले पानभर आमच्या संस्थेची ओळख होती, मग ‘कचरा-विलगीकरणातील त्रुटींचा अभ्यास’ असे भारदस्त शीर्षक, आणि शेवटी ‘आपला थोडा वेळ द्यावा’ ही विनंती. काम लवकर व्हावे म्हणून ते आम्ही रुग्णालयाच्या प्रमुखांमार्फत धाडले. दुसऱ्याच दिवशी होकार आला. आम्ही खूश झालो. प्रत्यक्षात व्यवस्थापक टेबलावर नोंदवह्यांची चळत रचून बसले होते. प्रत्येक प्रश्नाला ते एकेक वही उघडून दाखवीत. सगळे व्यवस्थित होते, एकही अडचण नव्हती. पाव तासाने त्यांनी हळूच विचारले, “तुमचा हा रिपोर्ट साहेबांकडे जाणार ना?” तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या दृष्टीने ही मुलाखत नव्हती, तपासणी होती. त्यांचा होकार त्यांचा नव्हताच, तो साहेबांचा होता.

मग आम्ही पत्राचे तीन भाग नव्याने तपासले.

पहिला भाग हेतूचा. ‘त्रुटी’ हा शब्द वाचताच माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. उलट, ‘पिशव्या अपुऱ्या पडत असाव्यात असा आमचा अंदाज आहे’ असे लिहिले, तर समोरचा सौजन्याने तेच उत्तर देतो. म्हणून विषय खरा आणि पूर्ण सांगावा, पण अपेक्षित उत्तर सांगू नये. शिवाय हे काम काय नाही, तेही लिहावे.

दुसरा भाग वेळेचा. ‘थोडा वेळ’ म्हणजे किती? दिवसभर फोन आणि फायलींत अडकलेल्या माणसाला याचा अंदाज बांधता येत नाही, आणि अंदाज नसला की पत्र बाजूला पडते. आम्ही आमच्याच एका सहकाऱ्याची चाचणी मुलाखत घेतली. १९ प्रश्नांना ६५ मिनिटे लागली. पिशव्यांची मासिक संख्या, खाटांची संख्या यांसारखे जे प्रश्न नोंदींवरून सुटण्याजोगे होते ते काढले. ९ प्रश्न उरले आणि वेळ ४० मिनिटांवर आला. त्यात संमतिपत्र वाचण्याची ५ मिनिटेही धरलेली आहेत. पत्रात ४० लिहिले, की चाळिसाव्या मिनिटाला वही मिटायची.

तिसरा भाग ऐच्छिकतेचा. संशोधनात भाग घेणाऱ्याची संमती स्वेच्छेने दिलेली असावी, हे १९४७ सालच्या न्यूरेंबर्ग संहितेचे पहिलेच कलम आहे. ती संहिता वैद्यकीय प्रयोगांपुरती होती. पण माणसांशी बोलून केलेल्या अभ्यासालाही आज हे तत्त्व लागू मानतात. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. रुग्णालयात शिरायला प्रमुखांची परवानगी लागते. बोलायला मात्र त्या व्यक्तीची स्वतःची संमती लागते. पहिली मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असे नाही. म्हणून प्रमुखांकडून आम्ही फक्त ‘संपर्क साधण्यास हरकत नाही’ एवढेच घेऊ लागलो. पत्र थेट व्यवस्थापकांच्या नावे जाऊ लागले आणि उत्तरही थेट आमच्याकडे येऊ लागले.

नवे पत्र एका पानात मावले. ते असे:

“मा. व्यवस्थापक यांस, स. न. वि. वि.

रुग्णालयातील सुया, नळ्या इत्यादी कचरा वेगळा ठेवण्याचे काम रोजच्या धावपळीत कसे चालते, याचा आम्ही अभ्यास करीत आहोत. साहित्याची मागणी आणि पाळ्यांची आखणी आपण पाहता, म्हणून आपल्याशी बोलावेसे वाटते. ही तपासणी नाही. आपल्या रुग्णालयाला गुण दिले जाणार नाहीत.

मुलाखत एकदाच, ४० मिनिटांची, आपल्या कार्यालयात व आपल्या सोयीच्या वेळी होईल. कोणतेही कागद काढून ठेवण्याची गरज नाही.

भाग घेणे पूर्णपणे आपल्या इच्छेवर आहे. नकार दिल्यास कारण विचारणार नाही. आपला होकार वा नकार आम्ही आपल्या वरिष्ठांना कळवणार नाही. एखादा प्रश्न टाळता येईल, मध्येच थांबताही येईल. ध्वनिमुद्रण आपण परवानगी दिली तरच करू. मुलाखतीनंतर ३० दिवसांत कळवल्यास आपले बोलणे अभ्यासातून काढून टाकू.

आपले वा रुग्णालयाचे नाव छापणार नाही. मात्र आपल्या शहरात एवढी मोठी रुग्णालये मोजकीच असल्याने जाणकाराला अंदाज येऊ शकतो. म्हणून आपले शब्द जसेच्या तसे छापायचे झाल्यास आधी आपल्याला दाखवू.

आठवड्याभराने एकदाच आठवण करू. त्यानंतर उत्तर नसल्यास तो नकार समजू.”

यातले दोन मुद्दे लिहिताना आमची चर्चा झाली. ‘संपूर्ण गुप्तता राखू’ असे लिहिणे सोपे होते, पण शहरात अशी तीनच रुग्णालये असतील तर ते वचन पाळता येत नाही. आणि माघारीला ३० दिवसांची मुदत घातली, कारण त्यानंतर सर्वांची उत्तरे एकत्र होतात. एकाची वेगळी काढणे जमत नाही. जे करता येणार नाही ते पत्रात लिहायचे नाही, असे ठरले.

या पत्राला दुसऱ्या एका रुग्णालयातून नऊ दिवसांनी उत्तर आले. ठरलेली वेळ एकदा पुढे गेली. पण या वेळी टेबलावर वह्या नव्हत्या. व्यवस्थापक म्हणाले, “पिशव्यांची मागणी खाटांच्या संख्येवर ठरते. पावसाळ्यात रुग्ण वाढतात, पिशव्या तेवढ्याच. महिनाअखेरीस पांढरे डबे भरून जातात, मग सिस्टर तरी सुई कुठे टाकणार?” नोंदवहीत हे कुठेच नव्हते.

तिसऱ्या रुग्णालयातून उत्तर आले नाही. आम्ही एकदा आठवण केली आणि थांबलो. मात्र अहवालात किती जणांना पत्र पाठवले, किती जण बोलले आणि किती जण बोलले नाहीत, हे तिन्ही आकडे दिले. ज्यांचे काम नीटनेटके आहे तेच बोलायला पुढे आले असतील, तर आमचे चित्र खऱ्यापेक्षा उजळ असणार. ऐच्छिकतेची ही किंमत आहे. ती टाळता येत नाही, पण वाचणाऱ्यापासून लपवूही नये.