कातडीचं दुखणं : कोणत्या दारात जायचं?

मागच्या महिन्यात बचत गटाचे हप्ते जमा करून झाले आणि आम्ही उठायला लागलो, तेवढ्यात एक ताई हळूच म्हणाली, "जरा थांबा, एक विचारायचं होतं." तिनं कंबरेपाशी जिथं परकराची नाडी बांधतो, तिथला चट्टा दाखवला. बघता बघता आणखी तिघींनी आपापलं दुखणं सांगितलं. कुणी मेडिकलमधून ट्यूब आणली होती, कुणी पार्लरमध्ये विचारलं होतं. डॉक्टरांकडे मात्र एकीनंही दाखवलं नव्हतं. म्हणून आज आपण हेच बोलू, की कातडीच्या कोणत्या दुखण्याला कुणाकडे जायचं.

त्या ताईची गोष्ट पहिल्यापासून सांगतो. लावणीच्या दिवसांत दिवसभर ओल्या कपड्यांत काम, त्यातून तिला गजकर्ण झालं. आपल्याकडे नायटाही म्हणतात. गोल चट्टा, कडा लालसर आणि उचललेली, मधली कातडी साधारण बरी, आणि खाज अशी की रात्रभर झोप नाही. ही बुरशी असते. तिनं मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" मागितली. चार दिवसांत खाज गेली, तिनं ट्यूब ठेवून दिली. पंधरा दिवसांत चट्टा पुन्हा आला, पहिल्यापेक्षा मोठा. परत तीच ट्यूब. असे तीन महिने गेले. तोवर चट्टे मांड्यांवर उतरले, सासूबाईंना झाले, लहान लेकीच्या गालावरही आला.

असं का झालं? त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, बुरशी मारत नाही. उलट बुरशीशी लढणारी आपल्या कातडीची ताकदच कमी करतं. म्हणजे घरात चोर शिरलाय आणि आपण भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधलं, असा प्रकार. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं नाव असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. अशी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असतात. योग्य आजारात, ठरावीक दिवस ती गुणकारीच आहेत. पण जांघेत, मांडीवर महिनोन् महिने चोळली, तर कातडी पातळ होते आणि पोटावर बाळंतपणात पडतात तसे पट्टे पडतात. हे पट्टे नंतर पूर्ण जात नाहीत. ताईच्या मांडीवर ते पडले होते.

पट्टे बघून ती घाबरली आणि तालुक्याच्या गावी "स्किन क्लिनिक" अशी पाटी असलेल्या ठिकाणी गेली. तिथल्या कॉस्मेटॉलॉजिस्ट बाईंनी डाग घालवायला सहा वेळा यावं लागेल म्हणून सांगितलं. मूळ गजकर्णाबद्दल विचारलंही नाही. इथं एक समजून घ्या. कॉस्मेटॉलॉजिस्ट म्हणजे रूप सुधारण्याचं काम शिकलेली व्यक्ती. ती डॉक्टर असेलच असं नाही. काही जणी थोड्या महिन्यांचा कोर्स करूनही ही पाटी लावतात. त्वचारोगतज्ज्ञ मात्र आधी एमबीबीएस होतात आणि मग कातडीच्या आजारांचं दोन-तीन वर्षांचं वेगळं शिक्षण घेतात. त्यांच्या पाटीवर एम.डी. त्वचारोग, डी.व्ही.डी. किंवा डी.डी.व्ही.एल. अशी पदवी आणि नोंदणी क्रमांक असतो. क्रमांक दिसला नाही तर विचारायला लाजू नका.

शेवटी आशाताईनं तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. पहिलं दार हेच. नवं गजकर्ण, खरूज, गळू, घामोळं, किडा चावून आलेली गांध, हे सगळं तिथले डॉक्टर किंवा आपले नेहमीचे डॉक्टर बरं करू शकतात. एक-दोन चट्टे आणि आधी काही लावलेलं नसेल, तर बुरशीचं साधं मलम पुरतं. ते चट्ट्यावर आणि कडेच्या बाहेर दोन बोटं लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही पुढे दोन आठवडे चालू ठेवायचं. खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असं नाही. आपण बहुतेक जणी इथंच चुकतो.

ताईची वापरलेली ट्यूब बघितल्यावर केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला जिल्हा रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. कारण स्टेरॉइडमुळे चट्ट्याचं रूप बदलतं, कडा पुसट होते आणि नुसतं बघून आजार ओळखणं अवघड जातं. तिथं चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, त्यात बुरशी दिसली. मग मलमाबरोबर काही आठवडे गोळ्या दिल्या. सासूबाईंवर आणि लेकीवरही एकाच वेळी उपचार केले. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे, ओला परकर अंगावर ठेवायचा नाही, एवढं सांगितलं. ताईचे चट्टे आता गेलेत, पट्टे राहिलेत.

म्हणून तज्ज्ञांकडे कधी जायचं ते लक्षात ठेवा. नीट औषध घेऊनही तीन-चार आठवड्यांत फरक नाही, आजार पुन्हा पुन्हा येतो, अंगभर पसरतो, किंवा आधी स्टेरॉइडची ट्यूब लावली आहे. खाली जाताना जुनी ट्यूब, खोकं, चिठ्ठ्या सगळं बरोबर न्या.

चेहऱ्यावरच्या वांगाचंही असंच. गालांवर तपकिरी डाग आले की आपण आधी पार्लरमध्ये ब्लीच करतो किंवा गोरेपणाची क्रीम लावतो. वांग गरोदरपणात, पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांनी आणि उन्हानं वाढतं. स्टेरॉइड असलेली क्रीम लावली तर आधी चेहरा उजळ वाटतो, मग तो लाल पडतो, पुरळ आणि लव येते आणि क्रीम थांबवली की आग होते. आधी डॉक्टरांकडून डाग कशाचा ते ठरवून घ्या. केस काढणं, साधं फेशियल यासाठी पार्लर ठीक आहे. पील, लेझर, इंजेक्शन मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडेच.

एका डागाबद्दल मुद्दाम सांगतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, खाजत नाही, आणि डोळे मिटून कापसानं स्पर्श केला तर कळत नाही, असं असेल तर पार्लर नको, मलम नको. थेट आरोग्य केंद्रात जा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं, आणि वेळेवर घेतलं तर हातापायांचं व्यंग टळतं.

आणि काही वेळा दारं मोजत बसायचं नाही. नवीन गोळी घेतल्यावर अंगावर फोड आले, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा झाल्या, ओठ-चेहरा सुजून दम लागला, किंवा तापाबरोबर लाली झपाट्यानं पसरू लागली, तर १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात जा. घेतलेली गोळी बरोबर ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या कातडीच्या सगळ्या ट्यूब घेऊन या. आपण मिळून त्यांच्यावरची नावं वाचू.