जात्यावरील ओव्यांचे भाषांतर

जात्यावरील ओव्यांचे अन्य भाषेत भाषांतर करताना त्यांतील सांस्कृतिक संदर्भ तळटीप देऊन समजवावेत, दुसऱ्या शब्दाने बदलावेत की गाळावेत, हा भाषांतरकारापुढील मुख्य प्रश्न असतो. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा ओव्यांचे संकलन सुरू केले. या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या असून त्यांतील अनेकींचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे.

'चुडा' या शब्दावरून हा प्रश्न स्पष्ट होतो. ओवीत चुडा म्हणजे हातातील बांगड्या आणि त्याचबरोबर हयात असलेला पती. शब्दशः 'बांगड्या' असे भाषांतर केल्यास चुड्याला आयुष्य मागणारी ओळ परक्या वाचकाला निरर्थक वाटते. 'पती' असे लिहिल्यास अर्थ लागतो. परंतु पतीचे नाव घेणे टाळणारी स्त्री ज्या आडपडद्याने बोलते, तो आडपडदाच नाहीसा होतो. युरोपीय वाचकासाठी 'लग्नाची अंगठी' हा पर्याय वरवर जवळचा दिसतो. मात्र वैधव्य आल्यावर बांगड्या फोडल्या जात. अंगठी फुटत नाही, त्यामुळे ओवीतील भीती पर्यायात उतरत नाही. शब्द गाळणे तर अशक्यच, कारण अनेक संग्रहांत ओवी दोनच ओळींची असते आणि चुडा काढला की एक ओळ रिकामी होते.

अशा ठिकाणी तळटीप उपयोगी पडते. तोच शब्द शेकडो ओव्यांत येत असल्याने संग्रहाच्या आरंभी एकदा दिलेला खुलासा पुरतो. ओवी सुटी छापली जाणार असेल, तर 'माझ्या सौभाग्याच्या बांगड्या' अशा अर्थाची रचना करून खुलासा ओळीतच मुरवता येतो. त्यात ओळ थोडी लांबते.

प्रत्येक संदर्भ इतका हट्टी नसतो. 'माहेर' साठी 'आईचे घर' बहुधा चालते, कारण ओढ त्यातही राहते. 'बाई', 'सये' यांसारखी संबोधने पुष्कळदा लय भरून काढण्यासाठी येतात व वाचनासाठीच्या भाषांतरात गाळली तरी अर्थ बिघडत नाही. मात्र संपूर्ण ओवी मैत्रिणीला उद्देशून असेल, तर संबोधन काढताच ती स्वगत वाटू लागते.

जनाबाईचा उल्लेख याहून अवघड आहे. विठ्ठल जनाबाईला दळू लागला, ही आख्यायिका ठाऊक नसलेल्या वाचकाला देव जात्यापाशी का आला हे कळत नाही. येथे दुसऱ्या संताचे नाव घालणे चुकीचे ठरते, कारण गाणारी स्त्री स्वतः त्या क्षणी दळत असते आणि ओवीचा आधार तेच साम्य असते. टीप मात्र एका वाक्याची पुरे. एच. एच. विल्सन यांनी १८१३ मध्ये केलेल्या 'मेघदूत'च्या इंग्रजी भाषांतराला विस्तृत टिपा जोडल्या होत्या. दीर्घ काव्याला असा भार पेलतो, दोन ओळींच्या ओवीला पेलत नाही.

भाषांतर गाण्यासाठी असल्यास तळटिपेचा मार्ग बंदच होतो, कारण ती ऐकू येत नाही. मग खुलासा गायनापूर्वीच्या निवेदनात द्यावा लागतो.