घाम मात्र लपत नाही

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, मधुमेह असलेले साठीतले एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. हृदयासाठी ते कार्व्हेडिलॉल घेतात, साखरेसाठी ग्लिमेपिराइड. एकादशीला सकाळी त्यांनी नेहमीच्या सगळ्या गोळ्या घेतल्या आणि दिवस नुसत्या चहावर काढला. दुपारी ते गप्पगप्प झाले, साधं काही विचारलं तरी चिडले. पंख्याखाली बसूनही सदरा घामाने भिजला. हात थरथरत नव्हते, छातीत धडधड नव्हती, म्हणून घरच्यांना वाटलं, उपवासाचा थकवा असेल. अखेर सुनेने ग्लुकोमीटरवर तपासलं, तर साखर ४८!

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागली की शरीर अॅड्रेनलिन सोडतं. ते हृदयावरच्या बीटा ग्राहकांना चेतवतं तेव्हा धडधड होते आणि स्नायूंमधल्या ग्राहकांना चेतवतं तेव्हा हात कापतात. मधुमेही माणूस याच खुणा ओळखून साखर तोंडात टाकतो. बीटा ब्लॉकर गोळी हे ग्राहक अडवून ठेवते. हृदयाला विश्रांती मिळते ती त्यामुळेच, पण साखर उतरल्याचा इशाराही तिथेच अडतो.

घामाचं तसं नाही. घामाच्या ग्रंथींना जाणाऱ्या नसा अॅसिटिलकोलिन या वेगळ्या रसायनाने काम करतात आणि त्यावर या गोळीचा ताबा नसतो. म्हणून अकारण फुटलेला घाम हीच अशा रुग्णांची भरवशाची खूण. जोडीला अचानक लागलेली भूक, चिडचिड, अडखळतं बोलणं किंवा गोंधळ दिसला तर लगेच साखर तपासावी. यंत्र जवळ नसेल तर कमी आहे असं धरूनच चालावं.

सगळ्या बीटा ब्लॉकर गोळ्या सारख्या नाहीत. प्रोप्रानोलॉल आणि कार्व्हेडिलॉल दोन्ही प्रकारचे ग्राहक अडवतात. प्रोप्रानोलॉलसारख्या गोळीने उतरलेली साखर परत चढायलाही वेळ लागू शकतो. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल मुख्यतः हृदयावर काम करतात. त्यांच्यामुळे धडधड दबली तरी थरथर बऱ्याचदा जाणवते. डोस वाढला की मात्र हा फरक पुसट होतो.

उपाय सोपा आहे. रुग्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल तर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं आणि साखर ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्यावं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर घरची साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा.

हे वाचून बीटा ब्लॉकर स्वतःहून बंद करू नका. ती एकाएकी थांबवल्यास छातीत दुखणं उसळतं, झटकाही येऊ शकतो. शिवाय साखर उतरवली होती ती ग्लिमेपिराइडने, बीटा ब्लॉकरने फक्त ती झाकली. म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते हे: उपवासाच्या दिवशी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यायचं, आणि साखर इतकी न उतरवणारं दुसरं औषध मला चालेल का?