रुपयाएवढ्या जागेवर चोवीस टन

वसमत तालुक्यातल्या हट्ट्यातून धावणाऱ्या कुठल्याही मोटारसायकलच्या इंजिनात तेल खेळवणारा छोटा पंप असतो. अशा पंपांतले गिअर आणि रोटर बहुतेक वेळा सळई कापून केलेले नसतात. लोखंडाची भुकटी साच्यात दाबून आणि मग भट्टीत भाजून ते तयार होतात. महाराष्ट्रात या कामाचं जुनं ठिकाण म्हणजे पिंपरी. पूर्वीची महिंद्रा सिंटर्ड प्रॉडक्ट्स तिथलीच. पुढे ती जीकेएन सिंटर मेटल्स झाली.

हिशेबासाठी एक साधा गिअर घेऊ. दातांसकट व्यास २५ मिलिमीटर, मधलं भोक ८ मिलिमीटर, जाडीही ८ मिलिमीटर. वजन साधारण साडेबावीस ग्रॅम. भुकटीचा प्रत्येक कण ८० मायक्रॉनचा धरला, तर या एका गिअरमध्ये सुमारे एक कोटी कण मावतात. प्रेस मिनिटाला १२ गिअर दाबत असेल तर आठ तासांच्या पाळीत ५,७६० गिअर होतात आणि त्यांत ५,७६० कोटी कण जातात. पृथ्वीवरच्या माणसांच्या सातपट! आणि या सगळ्या गिअरांचं वजन जेमतेम १३० किलो.

साच्यात भुकटी सैल ओतली की ती जवळजवळ १९ मिलिमीटर उंच भरते. वरचा आणि खालचा पंच तिला दाबून ८ मिलिमीटरवर आणतात. त्यासाठी दर चौरस मिलिमीटरवर सुमारे ६०० न्यूटन जोर लागतो. गिअरचं क्षेत्रफळ चार चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकूण जोर २४ टनांच्या वर जातो. हळदीच्या पोत्यांनी भरलेला दहाचाकी ट्रक रुपयाच्या नाण्यावर उभा करावा, असा हा दाब. एवढं करूनही साच्यातून निघालेला कच्चा गिअर हाताने मोडता येतो, कारण कण एकमेकांत फक्त अडकलेले असतात, जुळलेले नसतात.

मग दाब आणखी वाढवून लोखंड पूर्ण घट्ट का करत नाहीत? अडचण भुकटीत मिसळलेल्या मेणाची आहे. साच्याच्या भिंतीशी घर्षण कमी व्हावं आणि गिअर न तडकता बाहेर यावा, म्हणून भुकटीत वजनाच्या ०.८ टक्के मेण घालतात. वजनाला हे नगण्य वाटतं, पण मेण हलकं असल्यामुळे ते जागा मात्र सहा टक्के अडवतं. भुकटीत थोडं ग्रॅफाइटही असतं. शंभर ग्रॅम मिश्रणात लोखंड सुमारे १२.६ घनसेंटिमीटर, ग्रॅफाइट ०.२ आणि मेण ०.८. बेरीज १३.६. म्हणजे कितीही टन लावले तरी घनता ७.३५च्या पुढे जाऊच शकत नाही. घट्ट लोखंडाची घनता ७.८६ असते. प्रत्यक्षात एकदाच दाबून ७.० ते ७.२ मिळते. माझ्या मते या तंत्राची खरी मर्यादा प्रेसच्या ताकदीत नाही, या चिमूटभर मेणात आहे.

भट्टीत सुमारे ६०० अंशांपर्यंत मेण निघून जातं आणि त्याची जागा रिकामी राहते. पुढे नायट्रोजन-हायड्रोजनच्या वातावरणात ११२० अंशांवर गिअर वीस-तीस मिनिटं राहतो. लोखंड १५३८ अंशांना वितळतं, म्हणजे इथे ते घनच असतं. पण कणांच्या स्पर्शाच्या जागी अणू सरकतात, जोड जाड होत जातात आणि ग्रॅफाइटचा कार्बन लोखंडात मुरतो. छिद्रं मात्र फारशी मिटत नाहीत, आणि मिटूही द्यायची नसतात. २५ मिलिमीटरचा गिअर ०.२ टक्के आकसला तरी माप ५० मायक्रॉनने हलतं. घनता असमान असेल तर आकसणंही असमान होतं आणि दात वाकडे बसतात.

घनता असमान होण्याचं कारणही घर्षणच. दाब वरून आणि खालून येतो, त्यामुळे मधला पट्टा सर्वांत सैल राहतो. गिअर जितका उंच, तितका हा फरक जास्त. साचा फक्त उभ्या दिशेने उघडतो, म्हणून आडवं भोक, आटे किंवा मध्ये खोबणी दाबून करता येत नाही. ते नंतर मशीनवर करावं लागतं. दाताचं टोक फार अणकुचीदार असेल तर तिथे भुकटी नीट भरत नाही आणि पंचाची धारही तुटते. हेलिकल दात जमतात, पण त्यासाठी पंच फिरत उतरावा लागतो.

तडा ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कच्चा गिअर लवकर उडून जाणाऱ्या द्रावकात बुडवून बाहेर काढायचा. पृष्ठभाग सुकताना तड्यातला ओलावा मागे राहतो आणि तिथे काळी रेघ दिसते. भाजल्यावर तो तडा बहुधा भरून येत नाही, म्हणून ही तपासणी भट्टीआधीच करायची.

७.० घनतेच्या गिअरमध्ये अकरा टक्के जागा रिकामी असते, आणि त्याचा कडकपणा घट्ट पोलादाच्या सुमारे दोन तृतीयांश राहतो. तेलपंपाला एवढं पुरतं. मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये, जिथे प्रत्येक दातावर पुन्हा पुन्हा जोराचा ताण येतो, तिथे एकदाच दाबून भाजलेला साधा गिअर बसवू नये. दोनदा दाबून दोनदा भाजलेला किंवा रोलरने दातांचा पृष्ठभाग घट्ट केलेला तरी असावा.