मोबाइलचा व्हिडिओ की स्टुडिओची जाहिरात?

समजा, घरगुती गोडा मसाला विकायचा आहे. एका व्हिडिओत गिऱ्हाईक ताई स्वतःच्या ओट्याशी उभ्या राहून, मोबाइलसमोर आमटीची चव सांगताहेत. दुसरा स्टुडिओतला: झगमगीत प्रकाश, वाफाळती वाटी, मागे संगीत. पहिला ओळखीच्या माणसाने पाठवल्यासारखा वाटतो, दुसरा पाहताक्षणी जाहिरात म्हणून कळतो. पण जास्त विकतो कोणता, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजताना किंमत, सवलत आणि ऑर्डरचे पान दोन्हीकडे एकच ठेवा. फेसबुक-इन्स्टाग्रामवर दोन्ही जाहिराती एकाच गटात टाकल्या, तर यंत्रणा लवकरच एकीकडेच पैसे वळवते आणि तुलना बिघडते. म्हणून तिथली 'ए/बी टेस्ट' वापरा. तिच्यात प्रेक्षक दोन गटांत विभागले जातात आणि प्रत्येक गटाला एकच व्हिडिओ दिसतो.

दोन्हींवर दहा-दहा हजार खर्चून मोबाइलला 50 आणि स्टुडिओला 40 ऑर्डर आल्या, तर मोबाइल जिंकला का? अजून नाही. दोन्ही आकड्यांची बेरीज 90, तिचे वर्गमूळ साधारण साडेनऊ. फरक त्याच्या दुपटीहून, म्हणजे 19 हून जास्त हवा. इथे तो फक्त 10 आहे. एवढा फरक योगायोगानेही पडतो. चौपट खर्चात 200 आणि 160 ऑर्डर आल्या, तर मात्र निकालावर भरवसा ठेवता येईल.

आणि मोजायच्या त्या पोचलेल्या, पैसे मिळालेल्या ऑर्डर. लाइक आणि परत आलेली पाकिटे त्यात धरू नयेत.